कवटीच्या वर श्री

नातीने मला पाच मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करून पाठवलं आणि उत्तरादाखल मी तिला पाच चेहरे पाठवले. तेच ते, पिवळे, गोल, सगळे दात दाखवून हसणारे, दोन्ही डोळ्यांच्या कोपऱ्यात एकेक टपोरा थेंब. माझ्या मते ती पसंतीची पावती होती. तिच्या मते तो निकाल होता, नापासाचा.

मी मुलुंडला राहते आणि मुलगा, सून, नात बोरिवलीला. नकाशात बघाल तर शेजारी शेजारी वाटतं, पण मध्ये अख्खं जंगल आहे, बिबट्यांसकट. त्यामुळे आमची माया बहुतेक फोनवरूनच चालते. नात अकरावीत आहे. तिच्या कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये यंदा एकट्याने उभं राहून लोकांना हसवायचा एक कार्यक्रम होता. नावं द्यायची मुदत शुक्रवार दुपारपर्यंत. मंगळवारी संध्याकाळी तिने ते बोलणं मला पाठवलं आणि खाली लिहिलं, "आजी, तू पहिली. अजून कोणालाच ऐकवलं नाहीये. खरं सांग हां. तू हसलीस तरच नाव देणार."

हे शेवटचं वाक्य मी वाचलं होतं. पण वाचणं आणि डोक्यात शिरणं यात माझ्या वयाला थोडं अंतर पडतं.

मी दूध तापत ठेवून फोन ओट्यावर उभा केला आणि ऐकायला लागले. विषय होता आमचं घराणं आणि व्हिडिओ कॉल. "माझ्या बाबांचं कपाळ," ती सांगत होती, "मी इतक्या जवळून आणि इतक्या वेळा पाहिलंय की उद्या ते हरवले तर पोलिसांना मी फक्त कपाळाचंच वर्णन देऊ शकेन." हे अगदी खरं आहे. तो माझाच मुलगा, त्याचं नाक शेवटचं कधी पाहिलं ते मलाही आठवत नाही. मग ती माझ्यावर आली. "आणि आजी. आजी फोन आडवा ठेवते आणि भाजी निवडते. गेली तीन वर्षं मी आजीशी नाही, आजीच्या पंख्याशी बोलतेय. आता पंखासुद्धा मला ओळखतो. परवा मी रडत होते तर तो दोनवर आला."

मी हसले ते किती हसले ते मला सांगता येत नाही. ओट्याला धरून हसले. डोक्यावरच्या पंख्याकडे पाहिलं आणि पुन्हा हसले. खोकला लागला, पाणी प्यायले, पाणी नाकात गेलं. तेवढ्यात दूध उतू गेलं, मी गॅस बारीक करायच्या ऐवजी दुसराच मोठा केला आणि पातेलं तळाला करपलं. घरभर वास. खिडक्या उघडल्या, पातेलं भिजत घातलं, ओटा पुसला. मग हात पुसून फोन घेतला, नातीच्या निरोपावर उत्तर म्हणून पाच वेळा तो चेहरा दाबला आणि पाठवून दिला.

बघा, खरी गोष्ट इतकी मोठी होती, आणि मी पाठवले पाच ठिपके.

बुधवारी तिचं काही आलं नाही. गुरुवारी सकाळी सुनेचा फोन.

"आई, तुम्हाला नाही का आवडलं तिचं ते?"

"कोण म्हणतं नाही आवडलं? मी पाठवलं ना लगेच."

"तेच. ती म्हणते, आजीने काका लोकांचं हसू पाठवलं."

"म्हणजे?"

"मला काय विचारता, मलापण ती हेच म्हणते. मी टाकलं की म्हणते, मम्मी, तू हसलेली नाहीयेस, तुला फक्त विषय संपवायचाय." सुनेने आवाज खाली केला. "खरं सांगू का, तसंच असतं बहुतेक वेळा."

"मग नाव देणार की नाही ती?"

"नाही म्हणते. आजीलाच नाही आलं हसू तर तिकडे चारशे पोरं काय हसणार, असं चाललंय. मी काही बोलले की दार बंद. तुम्ही बघा काय ते. पण फोन करून 'मी हसले होते' असं सांगू नका, तिला वाटेल मी सांगायला लावलं."

फोन ठेवला आणि मी माझे पाच चेहरे परत उघडून पाहिले. मला ते अजूनही हसतानाच दिसत होते.

एक सांगते, ही निशाणी दुःखाची समजून कुणाच्या तेराव्याच्या निरोपाखाली टाकणाऱ्यांतली मी नव्हे. आमच्या भजनी मंडळात अशा दोघी आहेत. मला पहिल्यापासून ठाऊक होतं की ते हसू आहे. उलट मला तिचा फार अभिमान. मुलाने पहिल्यांदा हा फोन हातात दिला तेव्हा ती एक निशाणी शिकले आणि मग मी सुटलेच. कुणी विनोद पाठवला, टाक. कुणी पाठवलेला विनोद कळला नाही, टाक. जावेने मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा काळ्या चष्म्यातला फोटो पाठवला, टाक तीन. कारखान्यातून निघालेल्या बिस्किटांसारखे एका मापाचे चेहरे मी वर्षानुवर्षं वाटत सुटले होते.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर अकरावी-बारावीचा क्लास चालतो. चार वाजता पोरी येऊन कंपाउंडच्या कट्ट्यावर बसतात आणि सर दार उघडेपर्यंत फोनमध्ये डोकं घालून असतात. त्यातल्या दोघींशी माझी ओळख. एक चष्मेवाली, गंभीर, डॉक्टर होणारी. दुसरी सदान्‌कदा काहीतरी खात असलेली. मी खाली गेले, त्यांच्या शेजारी बसले आणि सरळ फोन पुढे केला.

"यात काय चुकलं ते सांगा मला."

चष्मेवालीने पाहिलं. "कोणाला पाठवलंत, आजी?"

"नातीला."

"किती वर्षांची?"

"सोळा."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. डॉक्टर रिपोर्ट बघून असे एकमेकांकडे बघतात.

"पाच टाकलेत तुम्ही," खाणारी म्हणाली. "एक असता तर वाट लागली असती. पाच म्हणजे डबल वाट."

"पण हसूच आहे ना ते?"

"हो, पण मम्मी-पप्पांचं हसू आहे," चष्मेवाली म्हणाली. "म्हणजे बघा आजी, आम्ही छोट्या होतो ना, तेव्हा सगळे हेच टाकायचे. उशीवर हे, कंपासपेटीवर हे, बर्थडेच्या फुग्यावर हे. मग मोठ्या लोकांनी घेतलं. फॅमिली ग्रुपवर काका रोज सकाळी तेच जोक टाकतात आणि खाली सगळे हेच. आता कोणी हे टाकलं की आधी तो ग्रुपच आठवतो."

"आणि ते फुकट मिळतं," खाणारी म्हणाली.

"फुकट म्हणजे?"

तिने माझ्या फोनवरच्या एका निरोपावर बोट दाबून धरलं. वर एक पट्टी उगवली: अंगठा, बदाम, मग आपले हे महाशय, मग तोंड वासलेला, एक टिपं गाळणारा आणि जोडलेले हात. "बघा, तिसरा नंबर. शोधायलापण लागत नाही. बोट ठेवलं, सोडलं, झालं. हसायची गरजच नाही. माझे पप्पा मीटिंगमध्ये बसून माझ्या रील्सना हे टाकतात. त्यांनी बघितलेली पण नसतात."

"मग खरं हसू आलं तर तुम्ही काय करता?"

"कवटी," दोघी एकदम म्हणाल्या.

मी म्हटलं, "कसली?"

चष्मेवालीने तिचा फोन दाखवला. मैत्रिणीने काहीतरी लिहिलं होतं आणि खाली नुसती एक पांढरी कवटी, बाकी काही नाही. "म्हणजे मी मेले. हसून हसून मेले. इंग्लिशमध्ये 'आय ॲम डेड' म्हणतात ना, त्याच्यावरून आलं."

"मराठीतपण मरतातच की हसून. पण कुणी तेव्हा हाडं काढून दाखवत नाही."

"एकच टाकायची पण," खाणारीने बजावलं. "कवट्यांची लाईन लावली तर तुम्ही ट्राय करताय असं वाटतं. आणि कवटी नको असेल तर हा." तिने दुसरा चेहरा दाखवला. डोळे मिटलेले, तोंड आ वासून उघडं, दोन्ही गालांवरून पाण्याचे नळ सोडलेले. लग्नात मुलीची पाठवणी करताना आमच्याकडे बायका रडतात तसा. "हा पण हसण्याचाच. हा दोन-तीन चालतो."

"हा? हा तर टाहो फोडतोय."

"तेच ना आजी. तुम्ही कधी खरं जोरात हसलात की कशा दिसता? असं?" तिने माझ्या जुन्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. "दोन थेंब, नीट बसवलेले, कानातल्यासारखे? का असं?" आणि टाहोवर बोट.

मला मंगळवारचा ओटा आठवला, नाकात गेलेलं पाणी आठवलं.

मग त्यांनी माझा अजून अभ्यास घेतला. माझ्या कीबोर्डावर सतत वापरलेल्या निशाण्या पुढे दिसतात. त्या बघून दोघींनी माझं वय बरोब्बर सांगितलं: हसणारा, जोडलेले हात, गुलाब, अंगठा, पणती. त्यांच्याकडे कवटी, टाहो, एक दगडी मुंडकं, एक वितळणारा चेहरा आणि एक मान टाकलेला सुकलेला गुलाब. दगडी मुंडकं म्हणजे ज्यावर काय बोलावं तेच कळत नाही अशा गोष्टीला. माझ्या टवटवीत गुलाबाचं त्यांनी फार कौतुक केलं, म्हणजे हसल्या. आडवा होऊन लोळत हसणारा चेहरा मी दाखवला, मला वाटलं तो तरी नव्यातला असेल. तर तो या पहिल्याचा थोरला भाऊ निघाला, अजूनच कामातून गेलेला. आणि नुसता शांत स्मित करणारा चेहरा कधीच टाकू नका, त्याचा अर्थ मी भडकलेय पण बोलत नाही, असा होतो. तो मी नातीला रोज सकाळी टाकत होते.

"मग हा जुना तुम्ही वापरतच नाही?"

"वापरतो की. कोणाची खेचायची असेल तर. काका बनून बोलायचं असेल तर." चष्मेवाली विचार करून म्हणाली, "आणि माझी ताई अजून खरं खरं वापरते. पण ती सत्तावीसची आहे."

"म्हातारी झाली गं बिचारी," मी म्हटलं.

"कवटीपण जास्त दिवस राहणार नाही, आजी," खाणारी चिप्सचं पाकीट उलटं करत म्हणाली. "परवा आमच्या सरांनी टाकली ग्रुपवर. सगळ्यांचा मूडच गेला."

सरांनी दार उघडलं आणि माझ्या शिक्षिका आत पळाल्या.

मी वर आले. वेळ कमी होता. नातीला कवटी पाठवायची, एवढंच काम. मी ती शोधून काढली. हास्याच्या पानावर नाही, राक्षस-भुतं बसतात त्या कोपऱ्यात होती. बोट तिच्यावर नेलं आणि बोटच खाली जाईना. आम्ही मालवणकडची माणसं. संध्याकाळची वेळ, देवापाशी दिवा लावलेला, आणि सोळा वर्षांच्या पोरीच्या नावासमोर मी माझ्या हाताने कवटी ठेवायची? माझ्या सासूबाईंनी वरूनच काहीतरी फेकून मारलं असतं. मी कवटी सोडली आणि टाहो निवडला. दोन-तीन चालतो म्हणाली होती, मी तीन टाकले. एकाही शब्दाविना, कारण शब्द घातले की ट्राय करतोय असं वाटतं.

मिनिटभरात फोन वाजला.

"आजी, काय झालं? कोण गेलं?"

"अगं, कोणी नाही."

"मग रडतेयस का? तू बरी आहेस ना? पडलीबिडलीस का तू?" मागून मुलाचाही आवाज, "काय झालं, काय झालं आईला?" आणि मग पडद्यावर त्याचं कपाळ.

"बाबा, थांबा ना. आजी, फोन उभा कर, मला पंखा दिसतोय."

मी फोन उभा केला. "मी हसतेय ते," मी म्हटलं. "ते रडणं नाही, हसणं आहे. तुमच्यात तसंच असतं ना? मी आज शिकून आलेय खालच्या क्लासमधून."

ती म्हणाली, "आजी. आमच्यात असतं. तू टाकलंस तर ते रडणंच असतं ना."

"का बरं?"

"कारण तू आजी आहेस. माझ्या मैत्रिणीने टाकला तर मला कळतं ती हसतेय. तू टाकलास तर मला वाटतं कोणीतरी गेलं."

म्हणजे बघा. जुनं पाठवलं तर खोटं आणि नवं पाठवलं तर अशुभ. माझ्यासाठी या फोनात एकही धड चेहरा उरला नव्हता. आणि मजा अशी की हा धडा मी पन्नास वर्षांपूर्वी एकदा गिरवला होता, तोही पोस्टकार्डावर, आणि तेव्हा शहाणी मी होते.

"तुझे बाबा गेले का तिथून?" मी विचारलं.

"गेले. का?"

"तुला एक सांगते. कुणाला सांगू नकोस, माझी अब्रू आहे."

मग मी तिला सांगितलं. लग्न होऊन घाटकोपरला आले तेव्हा मी बावीस वर्षांची, बी.ए. झालेली, ऑफिसात टायपिस्ट. सासरे गिरणीत. त्या घरात माझ्याइतकं शिकलेलं कोणी नव्हतं आणि ही गोष्ट मी कुणाला विसरू देत नसे. गावी सासऱ्यांची मोठी बहीण असायची. तिला महिन्याला एक पोस्टकार्ड जायचं आणि ते लिहायचं काम माझ्याकडे आलं. आधीची कार्डं मी पाहिली होती. वर मधोमध श्री. मग शिरसाष्टांग नमस्कार, मग इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे, मग मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद, मग लोभ असावा ही विनंती. बातमीला जागा उरायची दोन ओळी. ऑफिसात मैत्रिणींना मी ते म्हणून दाखवायची आणि आम्ही हसायचो. मी म्हणायची, यातलं एक अक्षर तरी लिहिणाऱ्याला वाटत असतं का? हात आपोआप चालतो. हे खोटं आहे. मी लिहीन ते खरं लिहीन.

"सेम," नात म्हणाली. "अगदी सेम."

"ऐक पुढे. मी लिहिलं, प्रिय आत्ये, आम्ही सगळे मजेत आहोत. बस, सुरुवातच ती. वर श्री नाही, नमस्कार नाही, काही नाही. मोकळं, आधुनिक. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. कार्ड पेटीत टाकताना मी हसलेसुद्धा."

"मग?"

"मग काय. तेव्हाची रीत अशी, की वर श्री नसलेलं कार्ड आलं म्हणजे कोणीतरी गेलं. मयताच्या पत्रावर श्री लिहीत नाहीत. ते वाचायचं, फाडायचं आणि आंघोळ करायची."

पलीकडून अगदी बारीक आवाजात, "नाही."

"आत्येला वाचता येत नव्हतं. पण श्री नाही एवढं दिसत होतं. तिने कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं आणि अंगणात बसून गळा काढला. शेजारणी आल्या, त्यांनीही काढला. कोण गेलं ते कोणालाच माहीत नाही, त्यामुळे सगळ्यांची नावं घेऊन रडल्या. आत्येने विहिरीवर जाऊन लुगड्यासकट डोक्यावर दोन घागरी ओतून घेतल्या. मग शाळेतले मास्तर आले. त्यांनी कार्ड हातात घेतलं आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं: प्रिय आत्ये, आम्ही सगळे मजेत आहोत."

फोनमधून जो आवाज आला तो कुठल्याच चेहऱ्यात बसणारा नव्हता. ती पलंगावरून खाली घसरली असावी, कारण मला पडद्यावर फक्त त्यांचा पंखा दिसत होता.

"आत्येने मास्तरांकडूनच उत्तर लिहवून घेतलं," मी म्हटलं. "एकच ओळ. 'गो बाय, वर श्री लिहूक शाई कमी पडली काय तुका?' सासऱ्यांनी ते कार्ड वर्षभर देवघराच्या फळीवर ठेवलं होतं. मी दिसले की त्याच्याकडे बघायचे."

ती वर आली. डोळे पुसत होती. थेंब वगैरे काही नीट बसवलेले नव्हते, नाक लाल झालं होतं. "आजी, तू इतकी शहाणी होतीस?"

"तुझ्यापेक्षा थोडी जास्तच."

मग ती एकदम गंभीर झाली. "पण माझ्यावर खरंच हसलीस का तू? मम्मीने सांगितलं म्हणून बोलत असशील तर नको. मी नाव नाही दिलं तरी चालेल. मला फक्त कळायला हवं."

आता मी काय सांगणार होते? हो म्हटलं तर ते हसऱ्या चेहऱ्यासारखंच, तिसऱ्या नंबरवर ठेवलेलं. मी उठले आणि फोन घेऊन मोरीत गेले.

"आता काय दाखवतेस? परत पंखा?"

"हे बघ." मी फोन खाली धरला. दोन दिवस सोडा घालून भिजवलेलं पातेलं तिथेच होतं. तळाला करपलेल्या दुधाचं काळं कुळकुळीत बेट. "पंखा दोनवर आला, तिथे हे झालं. तू म्हणालीस, मी रडत होते तर तो दोनवर आला. मी वर बघितलं. आमचा पंखा तेव्हा खरोखर दोनवर होता. मग मला काही सुधरेना. अर्धा लिटर गेलं. तुझ्या बाबाच्या कपाळावर मी नुसती हसले होते, ते खरं सांगते, तिथे दूध शाबूत होतं."

तिने फोन डोळ्यांजवळ नेऊन पातेलं बघितलं.

"हे तू तेव्हाच का नाही लिहिलंस?"

"त्या पिवळ्या मेल्याला पाठवलं ना माझ्या वतीने. मला वाटलं तो सांगेल सगळं."

"फोटो पाठव याचा," ती म्हणाली. "आणि कपाळ थोडं कमी करू का?"

"कर. पंखा वाढव."

मी पातेल्याचा फोटो काढून पाठवला. खाली तिने काही लिहिलं नाही. एक कवटी आली. एकच. मी पहिल्यांदा दचकले, सवयीने देवाकडे बघितलं, आणि मग जो काही ऊर भरून आला तो आला. माझ्या नावासमोर कवटी ठेवलेली बघून इतका आनंद होईल असं मला माझ्या कुंडलीतही कोणी सांगितलं नव्हतं. शुक्रवारी बारा वाजता सुनेचा निरोप आला, नाव दिलंय. मागे सवयीने तोच पिवळा चेहरा. तो मी तिला माफ केला.

गॅदरिंगला मी जंगलाला वळसा घालून बोरिवलीला गेले. नातीने चौथ्या रांगेत जागा धरली होती. कपाळाला पोरं हसली. पंख्याला अजून हसली, आणि ती सगळी मान वर करून हॉलच्या पंख्याकडे बघायला लागली तेव्हा मला माझं पातेलं आठवलं. मग नातीने थोडं थांबून म्हटलं, "आणि ही माझी आजी बावीस वर्षांची असताना," आणि माझी अब्रू चारशे पोरांसमोर सोडली. श्रीपासून मास्तरांपर्यंत सगळं. एके ठिकाणी तर तिने दोन घागरींच्या तीन केल्या. माझ्या पुढच्या रांगेतली मुलगी मैत्रिणीच्या खांद्यावर कोसळली होती आणि मी तिच्या डोक्यावरून वाकून तिचा फोन बघितला. ती कोणालातरी लिहीत होती. हाताला येतील ती अक्षरं, काही अर्थ नाही, आणि शेवटी कवटी. त्या क्षणी मला आत्येची आठवण झाली. तिला आलेल्या त्या एका कार्डाने पुन्हा सगळ्यांना मारलं होतं, पण यावेळी हसवून.

मुलाने सगळ्याचा व्हिडिओ काढला. नंतर पाहिला तर त्यात पाऊण वेळ त्याचा अंगठा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेत होते, दुधावर एक डोळा ठेवून. नातीचा निरोप आला. उघडला तर वर मधोमध, एका ओळीत एकटं, श्री. त्याखाली लिहिलं होतं, "शिरसाष्टांग नमस्कार. इकडील सर्व क्षेम, कोणीही गेलेलं नाही. तिकडील दुधाचे क्षेम कळवावे." आणि अगदी खाली, सहीच्या जागी, एक कवटी.

मी गॅस बंद केला, चष्मा लावला आणि उत्तर लिहायला बसले. शब्दांत. वर आधी श्री काढला.